चौ रुखात आठला निम्मी मुलं चुकतात. लेझीम मोजून शिकवताना नेमकं कुठं बिघडतं?

कोयनाकाठची_बाई
नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. चौथी-पाचवी मिळून २४ मुलं. १५ ऑगस्टला लेझीम बसवायची आहे. लहानपणी मी खेळलेय, पण शिकवतेय पहिल्यांदाच.

एक पोरगा ढोलावर, उरलेली २३ आठ-आठच्या तीन रांगांत. मधल्या रांगेत एक जागा मोकळी राहते. 'आठ आवाज' चार दिवसांत बसला. अडलंय ते 'चौ रुख'पाशी. आम्ही तो असा बांधलाय : एकला उजवीकडे वळून लेझीम उघडायची, दोनला तिथंच मिटायची. तीन-चार पाठमोरं, पाच-सहा डावीकडे, सात-आठ पुन्हा समोर. म्हणजे आठला सगळ्यांची तोंडं झेंड्याच्या खांबाकडं यायला हवीत. मुलं मोठ्यानं मोजत खेळतात.

प्रत्यक्षात काय होतं, मी आठला शिट्टी मारून थांबवलं की बरीच समोर बघत असतात पण अवघडलेली, आणि काही चक्क डावीकडं ओढ्याकडं तोंड करून. थांबवलं नाही तर दुसऱ्या आवर्तनात सगळी भेळ. आणखी एक, मुलं 'आठ' नीट म्हणतच नाहीत, गिळतात. चौथी-पाचवीच्या मुलांना आठपर्यंत मोजता येत नाही असं कसं म्हणू? कुणी बसवली असेल तर सांगा.

ठेका_सातारा
बाई, सोपं आहे. हा केरवा आहे. आठ मात्रा, एकवर सम, पाचवर खाली. तुमचा ढोलवाला सगळे ठोके सारखेच मारत असणार, म्हणून मुलांना आवर्तन कळत नाही. एकला आणि पाचला दणकून थाप द्यायला सांगा, मधले टिपरूनं हलके. भजनात धुमाळी पण आठच मात्रांची, तिथं कधी कुणी चुकतं का? लेझीमच आठाची आहे म्हटल्यावर ताल पक्का झाला की पाय आपोआप येतात.

अनुची_आई_विटा
खूप छान विषय! माझी मुलगी चौथीत आहे, तिला आठाचा पाढा काही केल्या पाठ होत नाही. सहापर्यंतचे येतात, सातात अडखळते, आठात रडते. लेझमीनं पाढा येतो हे माहीत नव्हतं. घरी एकटीनं करता येईल का? लेझीम नसली तर पळ्या चालतील का?

कोयनाकाठची_बाई
@अनुची_आई_विटा ताई, पाढ्याचा नाही हो, आठपर्यंत मोजत नाचण्याचा प्रश्न आहे. पण थांबा, त्याबद्दलही सांगण्यासारखं आहे, शेवटी लिहिते.

@ठेका_सातारा दादा, एक आणि पाचला थाप तर तो आत्ताही देतो. तसंच शिकवलंय त्याला.

निवृत्त_पीटी_सांगली
बाई, एक गोष्ट लिहायची राहिली तुमच्याकडून, आणि तीच महत्त्वाची आहे. आठला शिट्टी मारता तेव्हा मुलांच्या हातातली लेझीम उघडी असते की मिटलेली?

चौ रुखात विषम आकड्याला लेझीम उघडते आणि समाला मिटते. उघडतानाचा आवाज पसरट, छन्न असा. मिटतानाचा आखूड, छक्. तुम्ही डोळे मिटून उभ्या राहा. सगळी बरोबर असतील तर दोन, चार, सहा, आठला एकच छक् ऐकू येतो. एखादा मागं असेल तर त्याची छन्न बाकीच्यांच्या छक्वर पडते. बघण्याआधी ऐका.

मग बघा. चौ रुखाचा फायदा हा की मूल किती आकडे चुकलं ते त्याच्या तोंडाच्या दिशेवरून कळतं. आठला मूल समोर आहे पण लेझीम उघडी, तर ते आपल्या सातवर आहे, एक आकडा मागं. डावीकडं तोंड आणि लेझीम मिटलेली, तर ते सहावर अडकलंय, दोन मागं. पाठमोरं असेल तर चार मागं किंवा चार पुढं, म्हणजे त्यानं पाचलाच एक धरलंय. तिन्ही चुकांची कारणं वेगळी असतात, म्हणून औषधही वेगळं.

ठेकेवाले, तुमचं निम्मं बरोबर आहे. ढोलाला आठाचं आवर्तन हवंच. पण मात्रा ढोलाच्या, आवाज लेझमीचे. आम्ही शिकलो तेव्हा घाटी लेझमीची सुरुवात 'आठ आवाज'नं व्हायची आणि हिंदुस्थानी लेझमीची 'चार आवाज'नं. आणि दोन्हींच्या मागं ढोल तोच. दुसरं म्हणजे एक आणि पाचला सारखीच दणकून थाप दिलीत तर मुलाला दोन एक ऐकू येतात. पाठमोरी मुलं त्यातूनच निपजतात.

हलगी_कवठेमहांकाळ
मास्तर, एक इचारू का? हे आकडं कशाला मुळात? आमच्या गावात जत्रंला साठ-सत्तर गडी खेळतंय. त्यातलं निम्मं शाळंत टिकलं न्हाईत. कोण बी मोजत न्हाई. हलगी फिरली की डाव फिरतो. हलगीवाला चार आंगुळं वर करून टिपणी काढतो, गडी समजतो. घुमकं आणि कैताळ मागनं धरून असतं. पोरांस्नी आकडं शिकवून पायाचं कान बंद करताय तुम्ही.

निवृत्त_पीटी_सांगली
खरं आहे दादा. पण तुमचा गडी पाचव्या वर्षी बापाच्या मागं उभा राहिला आणि पंधराव्या वर्षी रांगेत आला. बाईंकडं तीन आठवडे आहेत.

कोयनाकाठची_बाई
(दोन दिवसांनी)
सर, तुम्ही सांगितलं तसं केलं. आधी मुलांकडं पाठ करून उभी राहिले. आठला छक् येतच नव्हता! छन्नच जास्त. मग वळून पाहिलं आणि वहीत टिपून घेतलं. २३ पैकी ८ मुलं बरोबर. ११ जणांचं तोंड समोर पण लेझीम उघडी. ४ जण डावीकडे, लेझीम मिटलेली. पाठमोरं कुणीच नाही.

मग मोजणं सावकाश करून ऐकत बसले. आणि सापडलं. एक, दोन, तीन, चार, पाच हे सगळे एका झटक्यात म्हणता येतात. सात, आठ पण. फक्त 'सहा' दोन तुकड्यांत येतो. मुलं ठोक्याला 'स' म्हणतात आणि पुढच्या ठोक्याला 'हा'. म्हणजे सातव्या ठोक्याला त्यांचा सहा संपतो, आठव्याला ती 'सात' म्हणत वळतात. आणि तोवर ढोलाची एकची थाप पडते, म्हणून आठ गिळून धावत एक धरतात. मी समजत होते आठ अवघड जातोय. चूक दोन आकडे आधी झालेली होती.

इतकी वर्षं मराठी बोलतेय, हे कधी लक्षात आलं नाही.

मिरज_जंक्शन
हे वाचून मी आत्ता ऑफिसात टेबलावर बोटानं वाजवून पाहिलं. खरंच की! सहाच एकटा दोन अक्षरी उच्चाराचा आहे.

हलगी_कवठेमहांकाळ
म्हणून तर आमी 'सा' म्हणतो. पाच, सा, सात, आठ. झालं की.

कोयनाकाठची_बाई
दादा, काल 'सा' करून बघितलं. पहिली दोन आवर्तनं झकास. ढोल थोडा वाढला की 'सा' आणि 'सात' एकमेकांत मिसळतात आणि 'सासाट' असं काहीतरी होतं. मग काही मुलं एकच आकडा म्हणतात आणि एक ठोका पुढं जातात. आधी मागं होती, आता पुढं!

निवृत्त_पीटी_सांगली
छान शोधलंत. मी हा घोळ चाळीस वेळा पाहिला असेल, पण 'मुलं घाई करतात' एवढंच म्हणून पुढं जायचो.

माझी पद्धत सांगतो. दोन दिवस आकडे पूर्ण बंद. मुलांनी तोंडानं फक्त 'उघड, मीट' म्हणायचं, एका जागी, न वळता. हात आणि आवाज जुळले की वळणं घाला. तिसऱ्या दिवशी आकडे परत आणा, पण फक्त मिटताना : (गप्प) दोन, (गप्प) चार, (गप्प) सहा, (गप्प) आठ. आता 'सहा'तला 'हा' सातव्या ठोक्यावर सांडला तरी बिघडत नाही, कारण सातला कुणी काही म्हणतच नाही. शिवाय प्रत्येक दिशेला एकच आकडा येतो : उजवीकडं दोन, मागं चार, डावीकडं सहा, समोर आठ. मुलाला विचारा, 'सहाला कुठं बघतोस?' ओढ्याकडं म्हणालं की झालं.

ढोल : थाप फक्त एकला. पाचची थाप काढून टाका. टिपरू दोन, चार, सहा, आठला. बाकी रिकामं. आणि वेग सुरुवातीला मिनिटाला ६० ठोके, भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंद काट्याबरोबर. तो जमल्याशिवाय ८० नाही.

त्या डावीकडच्या चार मुलांचं कारण वेगळं आहे. ती चौघं कुठं उभी असतात?

कोयनाकाठची_बाई
तिघं तर तिन्ही रांगांच्या डाव्या टोकाला. चौथी मुलगी मधल्या रांगेत, मोकळ्या जागेला लागून.

अरे देवा. लिहिता लिहिताच कळलं. डावीकडं वळल्यावर प्रत्येकाला पुढच्याची पाठ दिसते, त्याला बघून वळता येतं. टोकाच्याला पुढं कुणीच नाही. आणि त्या मुलीच्या पुढं मोकळी जागा!

निवृत्त_पीटी_सांगली
बरोबर. म्हणजे ती चौघंच कच्ची आहेत असं नाही. बाकीची बघून करतात, या चौघांना बघायला मिळत नाही एवढंच. टोकं म्हणजे रांगेच्या खुंट्या. तिथं उंचीप्रमाणे नाही, पक्की मुलं लावायची. मोकळी जागा शेवटच्या रांगेच्या उजव्या टोकाला न्या. उजवीकडं वळायचं ते एकला, तेव्हा ढोलाची थाप मदतीला असते.

ठेका_सातारा
पाचची थाप काढणं मला पटत नाही सर. खाली नसेल तर आठाचं आवर्तन लांब वाटतं, मुलं मध्ये हरवतात. तालाचा कणा मोडतो.

निवृत्त_पीटी_सांगली
मोठ्या मुलांत ठेवा ना. लहानांत आधी एक कुठं आहे ते कळू दे. तुम्ही तुमच्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी खाली शिकवता का?

ठेका_सातारा
शिकवतो. टाळी-खाली पहिल्याच दिवशी. पण बसून.

मिरज_जंक्शन
माझा अनुभव थोडा वेगळा. २०१४ च्या २६ जानेवारीला सांगलीत सात हजारांहून जास्त जणांनी एकत्र लेझीम खेळली होती, त्यात मी होतो. तेव्हा शाळेत होतो. सरावाला आमची तुकडी वाद्यांपासून लांब असायची आणि आम्ही कायम उशिरा मिटायचो. शिव्या खाल्ल्या. पुढं इंजिनिअरिंगला गेल्यावर हिशेब केला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आम्ही ६० मीटरवर असलो तर ढोल आमच्यापर्यंत पावणेदोन दशांश सेकंदानं पोचणार. मिनिटाला १२० ठोके धरले तर दोन ठोक्यांत अंतर अर्ध्या सेकंदाचं. म्हणजे ऐकून अगदी बरोबर मिटलं तरी आम्ही एक तृतीयांश ठोका मागं! कानानं बरोबर आणि डोळ्यांना चूक. समोरच्या रांगेच्या हाताकडं बघून खेळायला लागलो तेव्हा जुळलं.

बाई, तुमच्याकडं पण तेच होत असेल. ढोल मध्यभागी ठेवा.

निवृत्त_पीटी_सांगली
तुमचा हिशेब बरोबर, पण बाईंचं पटांगण केवढं असणार? तीन रांगा. शेवटचं मूल ढोलापासून १५ मीटरवर धरा. सेकंदाचा विसावा भागही होत नाही. तो त्यांचा प्रश्न नाही.

कोयनाकाठची_बाई
सर म्हणतात ते खरं, पटांगण लहान आहे. पण पावसानं आम्ही निम्मे दिवस व्हरांड्यात असतो. वर पत्रा. पाऊस लागला की थाप ऐकूच येत नाही, फक्त टिपरूचा टणटणाट. त्यात ढोलाचं कातडं दमट हवेनं सैल पडलंय, 'धम्' ऐवजी 'ढब' येतं.

हलगी_कवठेमहांकाळ
ढोल चुलीजवळ ठिवा रातभर, लय जवळ न्हाई, हात सोसंल इतकं. वाजवायच्या आधी दोऱ्या ताणा. आमी हलगी तर पाचटाच्या जाळावर शेकतोच, दर अर्ध्या तासानं. फायबरचं पान बशीवलं तर पावसाची कटकट न्हाई, पण त्येला थापंचा घुमारा न्हाई.

अनुची_आई_विटा
बाई, पाढ्याचं सांगणार होतात.

कोयनाकाठची_बाई
हो ताई. चार आवर्तनं झाली की एकूण किती ठोके, असं मी मुलांना विचारायचे. मग आवर्तन मोजायला एक युक्ती केली : आठच्या जागी चढता आकडा म्हणायचा. दोन, चार, सहा, आठ. दोन, चार, सहा, सोळा. दोन, चार, सहा, चोवीस. असं चौसष्टपर्यंत आठ आवर्तनं. मुलांना फार आवडलं, आणि कुठल्या आवर्तनात आहोत ते कुणी विसरत नाही.

पण खरं सांगते, वर्गात बसवून 'आठ साते किती' विचारलं तर जमत नाही. मुलं डोळे मिटून पहिल्यापासून हात हलवत येतात आणि छप्पनला पोचतात. क्रम येतो, मधला सुटा आकडा येत नाही. तुमच्या अनुला क्रम बसवायला उपयोग होईल. पळ्या चालतील, पण वाजवू नका, शेजारी येतील.

अनुची_आई_विटा
😄 आजच करते. ती पण हात हलवत पोचली तरी मला चालेल.

कोयनाकाठची_बाई
(आठवड्यानं)
हाल कळवते. 'उघड, मीट'चे दोन दिवस मुलांना कंटाळवाणे गेले, पाचवीची मुलं म्हणाली आम्ही काय बालवाडीत आहोत का. पण तिसऱ्या दिवशी समाचे आकडे घातले आणि आठला पहिल्यांदा एकच छक् आला. मी पाठ करूनच उभी होते. २३ पैकी २० बरोबर. टोकाला पक्की मुलं लावल्यावर ओढ्याकडं बघणारं कुणी उरलं नाही.

नवीन अडचण ढोलाची. ८० च्या वेगानं आठ आवर्तनं म्हणजे ६४ ठोके, ते ४८ सेकंदांत व्हायला हवेत. मोबाइलवर वेळ लावली तर ४१ सेकंद. म्हणजे तो पोरगा जवळजवळ ९४ नं वाजवतोय आणि त्याला पत्ताच नाही. नेमकं कुठं पळतो तेही पाहिलं. आठ झाल्यावर एकची थाप लवकर टाकतो, कारण थाप मारायला त्याला मजा येते!

निवृत्त_पीटी_सांगली
सगळे ढोलवाले असेच. त्याला तोंडानं सात-आठ म्हणायला लावा, फक्त तेवढेच दोन. म्हणून झाल्याशिवाय हात खाली आणायचा नाही.

ठेका_सातारा
किंवा पाचची थाप परत द्या. मध्ये एक मजेची थाप मिळाली की एकसाठी इतका उतावळा होणार नाही.

निवृत्त_पीटी_सांगली
हे मात्र करून बघण्यासारखं आहे. आता मुलं पक्की झालीत, पाठमोरी होतात का ते लगेच दिसेल.

कोयनाकाठची_बाई
उद्या दोन्ही करून बघते. आणि एक राहिलंच. एक मुलगी डावखुरी आहे. दांडी डाव्या हातात धरते, साखळीची मूठ उजव्या. मोजणं तिचं सगळ्यात पक्कं. पण तिची लेझीम उलट्या बाजूला उघडते आणि शेजारच्या मुलाच्या कोपराला लागते, काल खरचटलं. तिला हात बदलायला लावू का?

हलगी_कवठेमहांकाळ
टोकाला लावा. आमच्यात डावखुरं कायम टोकाला. हात मोकळा सुटतो.

निवृत्त_पीटी_सांगली
पण दादा, टोकाला लावली की एक खुंटी उलट्या हाताची होणार. तिच्याकडं बघून मागची मुलं उलटी उघडतील. मी हात बदलून घ्यायचो. दोन आठवडे लागतात, बाईंकडं आता दहा दिवस आहेत.

कोयनाकाठची_बाई
सर, शेवटच्या रांगेच्या उजव्या टोकाला, मोकळ्या जागेशेजारी लावली तर? समोर तोंड असताना तिच्या मागं कुणीच नाही, आणि मोकळी जागा तिच्याच लेझमीला मिळेल.

हलगी_कवठेमहांकाळ
लावा की बाई. मास्तर काय म्हणत्यात त्ये नंतर बघू.